एकोणीस लाख पंचेचाळीस हजार

१७ सप्टेंबर २०२३ च्या रविवारी एका पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी सभासद म्हणून मागच्या रांगेत बसलो होतो. त्या संस्थेचा शहाण्णव पानांचा अहवाल छपाईपूर्वी मुद्रितशोधक म्हणून मीच वाचून दिला होता. नफा वाटणीचा विषय आला तेव्हा पुढच्या रांगेतले एक वयस्क सभासद उठून उभे राहिले. त्यांनी नोटिशीच्या पाठीमागे पेन्सिलीने बेरीज केली होती, आणि त्यांचा प्रश्न अगदी शांत होता : "वाटणीची बेरीज नफ्यापेक्षा नऊ हजारांनी जास्त येते. हे वरचे नऊ हजार कुठून आणणार?" सभागृहात हशा पिकला. अध्यक्षसाहेबांनी व्यवस्थापकांकडे पाहिले, व्यवस्थापकांनी लेखापरीक्षकांकडे, आणि मी खाली मान घालून अहवालाचे तेहेतिसावे पान उघडले.

निव्वळ नफा ४८,३६,७२० रुपये होता. त्यातून राखीव निधीला १२,०९,१८०, लाभांशाला १९,५४,३२०, इमारत निधीला ८,००,०००, सेवक कल्याण निधीला २,५०,००० आणि शिल्लक नफा ६,३२,२२० असे छापले होते. लाभांशाचा खरा आकडा १९,४५,३२० होता. हे पान मी तीन वेळा वाचले होते, आणि तिन्ही वेळा त्या पानावरच्या 'तरतूदी'ची 'तरतुदी' केली होती. चूक माझ्या डोळ्यांसमोर होती, परंतु त्या वेळी माझे डोळे ऱ्हस्व-दीर्घाच्या कामावर होते.

ती चूक कशी झाली हे मला पुढे छापखान्यात कळले. लेखापरीक्षकांच्या सहीची प्रत एकाने मोठ्याने वाचली आणि दुसऱ्याने तक्ता टंकित केला. वाचणाऱ्याने "एकोणीस लाख पंचेचाळीस हजार" असे बरोबरच म्हटले होते. मराठीत मात्र दोन अंकी संख्येचे नाव एककापासून सुरू होते : 'पंचेचाळीस' ऐकताना आधी पाच ऐकू येतात आणि मग चाळीस. वेगाने टंकन करणाऱ्याची बोटे ऐकलेल्या क्रमाने चालली, तर पाच आधी आणि चार नंतर पडतात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा ज्यांनी तिची थट्टा केली त्यांत मीही होतो. मुलांना काय शिकवावे याबद्दलचे माझे मत अजून बदललेले नाही, पण मुद्रिते वाचताना मी आता आकडा संख्येच्या नावाने वाचत नाही. "एक, नऊ, स्वल्पविराम, चार, पाच, स्वल्पविराम, तीन, दोन, शून्य" असा एकेक अंक उच्चारतो.

त्या वर्षी सभेनंतर शुद्धिपत्रक छापून वाटावे लागले. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ च्या अहवालासाठी, संस्थेने काम पुन्हा मलाच दिले, याला मी त्यांचा मोठेपणा म्हणतो. या वेळी मी एक अट घातली. अहवाल चार वेगवेगळ्या वेळी वाचायचा, प्रत्येक वेळी अर्थाची, शुद्धलेखनाची, मांडणीची किंवा आकड्यांची अशी एकाच प्रकारची चूक शोधायची, आणि कोणते वाचन कोणत्या दिवशी होणार हे आधी कागदावर लिहून अध्यक्ष, व्यवस्थापक आणि छापखाना या तिघांनाही द्यायचे.

कोल्हापुरात ऑगस्ट-सप्टेंबर हा सभांचा हंगाम असतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि अहवाल त्याआधी सभासदांच्या हाती जावा लागतो. त्यामुळे दूध संस्था, विकास सेवा संस्था, पतसंस्था आणि साखर कारखाने यांचे अहवाल एकाच सुमारास शाहूपुरीतल्या आणि लक्ष्मीपुरीतल्या छापखान्यांत येऊन पडतात, आणि वर गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तके असतातच. या गर्दीत 'चार वेळा वाचतो' असे सांगितले की छापखान्याचे मालक माझ्याकडे एखाद्या वेड्याकडे पाहावे तसे पाहतात. म्हणून चार वाचनांची बेरीज एका वाचनाच्या चौपट होत नाही हे मला दाखवून द्यावे लागले. एकाच गोष्टीकडे पाहणारा डोळा बराच वेगाने जातो. मांडणीचे वाचन तर वाचन नव्हेच, ती शहाण्णव पाने अर्ध्या दिवसात होतात.

क्रम मात्र मनाला येईल तसा लावून चालत नाही. पूर्वी मी आधी शुद्धलेखन करीत असे, कारण चुकलेला शब्द दिसला की हात थांबत नाही. मग अध्यक्षांच्या मनोगताचे दीड पान मी ओळ न् ओळ शुद्ध करून द्यावे, आणि त्यांनी तेच दीड पान खोडून नवे लिहून पाठवावे, असे दोनदा झाले. नव्या मजकुरातल्या चुका अर्थातच नव्या होत्या. तेव्हापासून अर्थाचे वाचन पहिले, आणि तेही पाने लावण्यापूर्वी, साध्या टंकित प्रतीवर. ते संपल्यावर अध्यक्षांची सही घ्यायची आणि त्यानंतर वाक्य बदलायचे नाही. ही सही मिळवणे हे सगळ्या योजनेतले सर्वांत अवघड काम आहे, कारण आपल्याकडे छपाई सुरू झाल्यावरही एखादे नाव आभारात घालायचे राहिल्याचे आठवते.

अर्थाच्या वाचनात माझ्या हातात लाल पेनही नसते, फक्त पेन्सिल असते, आणि शुद्धलेखनाची चूक दिसली तरी मी तिला हात लावत नाही. हा संयम शिकायला मला एक अख्खा अहवाल लागला. या वाचनाचे एकक परिच्छेद आहे. परिच्छेद संपला की थांबायचे आणि तो काय सांगतो हे एका वाक्यात समासात लिहायचे. लिहिता आले नाही तर तिथे काहीतरी बिघडलेले असते. त्या वर्षीच्या अहवालात नोटिशीच्या आठव्या विषयात "पोटनियम दुरुस्तीस मंजुरी देण्यात आली" असे वाक्य होते. सभा व्हायची होती, मंजुरीही मिळायची होती. ते वाक्य गेल्या वर्षीच्या इतिवृत्तातून उचललेले होते. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती आणि व्याकरणही निर्दोष होते, म्हणून शब्दांकडे पाहणारा कोणीही त्यावरून सहज पुढे गेला असता.

दुसरे उदाहरण अधिक फसवे होते. "थकबाकीत ३ टक्क्यांनी घट होऊन ती ७.२ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर आली." ७.२ मधून त्याचे तीन टक्के वजा केले तर ७ च्या किंचित खालीच आकडा राहतो, ४.२ पर्यंत तो येत नाही. लेखकाला म्हणायचे होते की थकबाकीचे प्रमाण तीन टक्केबिंदूंनी कमी झाले. हा शब्द सभासदांना अनोळखी वाटेल असे व्यवस्थापकांचे म्हणणे पडले आणि ते मला पटले, म्हणून आम्ही "थकबाकीचे प्रमाण ७.२ टक्के होते, ते ४.२ टक्के झाले" एवढेच ठेवले. ही चूक आकड्यांची की अर्थाची, यावर व्यवस्थापक आणि मी चहाच्या दोन कपांपुरते भांडलो. माझे मत असे की तिन्ही आकडे मुळाबरहुकूम होते, बिघडला होता तो त्यांच्यामधला संबंध, आणि संबंध पाहण्याचे काम पहिल्या वाचनाचे.

शुद्धलेखनाचे वाचन मी अहवालाच्या शेवटच्या ओळीपासून वर करतो. उलटे वाचले की वाक्याचा ओघ तुटतो आणि डोळ्याला पुढचा शब्द ओळखून घेण्याची सोय राहत नाही. पोस्टकार्डाला एका ओळीएवढी खाच कापून ती कागदावरून सरकवत नेतो. वीस पानांनंतर उठतोच, कारण त्यापुढे माझी नजर गुळगुळीत होते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम एकूण अठरा आहेत, चौदा १९६२ साली आले आणि चार १९७२ साली, पण सहकारी संस्थेच्या अहवालात त्यांतल्या एका भानगडीतच निम्मा वेळ जातो : अकारान्त मराठी शब्दातला उपान्त्य इकार किंवा उकार दीर्घ असतो, आणि शब्दाला पुढे काही जोडले की तो ऱ्हस्व होतो. वसूल पण वसुली, मंजूर पण मंजुरी, तरतूद पण तरतुदी, मजूर पण मजुरांना. आणि ज्या शहरात हे सगळे छापले जाते त्याचेही तसेच आहे, कोल्हापूर पण कोल्हापुरात. 'कोल्हापूरात' हे रूप मी इतक्या पाट्यांवर पाहिले आहे की कधीकधी माझाच हात डगमगतो. म्हणून या वाचनाच्या आधी अशा शब्दांची एक यादी करतो आणि ती शेजारी ठेवतो.

यादीतले शब्द संगणकावर शोधून बदलावेत असे कोणीही म्हणेल, आणि फाइल युनिकोडमध्ये असेल तर ते मीही करतो. पण त्यावर विसंबता येत नाही. 'दुसऱ्या' या शब्दातला तो आडवा, पापणीसारखा रकार युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, शोध मात्र एकच तऱ्हा सापडवतो आणि दुसरी सोडून देतो. अकरा ठिकाणी दुरुस्ती झाली असे संगणकाने सांगितले, आणि कागदावर मला आणखी चार ठिकाणे सापडली, असे त्याच अहवालात घडले. शिवाय आमच्या छापखान्यात मजकूर अजूनही जुन्या फॉन्टमध्ये बदलून पाने लावतात. त्या बदलात जोडाक्षरे तुटतात ती डोळ्यांना लगेच खुपतात, टक्क्याची आणि कंसाची चिन्हे बदलतात ती खुपत नाहीत.

तिसरे वाचन मांडणीचे. ते पाने लागल्यावर, समोरासमोरची दोन पाने एकत्र छापून घेऊन आणि हात लांब करून करायचे, म्हणजे मजकूर वाचताच येऊ नये. या वेळी मी चष्माही काढतो. पानाच्या तळाशी एकटे राहिलेले शीर्षक, पुढच्या पानावर गेलेली परिच्छेदाची शेवटची ओळ, दोन पानांत तुटलेला तक्ता ज्याच्या दुसऱ्या भागावर रकान्यांची नावेच नाहीत, उजवीकडे एका रेषेत न आलेले आकडे, हे सगळे अंधुक नजरेलाच नीट दिसते. मग चष्मा लावून दोन गोष्टी बघायच्या : अनुक्रमणिकेतला प्रत्येक पानक्रमांक आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावरचे वर्ष. अहवाल दरवर्षी गेल्या वर्षीच्या फाइलवरून तयार होतो, आणि माथ्याची पट्टी प्रत्येक विभागाला वेगळी असेल तर एखाद्या विभागात जुने वर्ष तसेच राहते. तसे ते राहिलेही होते, चौसष्ट ते एकाहत्तर या आठ पानांवर.

अहवालाची पाने शहाण्णव असण्याला कारण आहे. सोळा पानांचा एक फर्मा, असे सहा फर्मे. सत्त्याण्णवावे पान निर्माण झाले की एका ओळीसाठी कागद, घडी आणि दर सगळेच बदलते. म्हणून मांडणीनंतर अर्थाची दुरुस्ती बंद, हा नियम छापखान्याच्या सोयीचाही आहे. एकदा एका संचालकांच्या नावापुढे त्यांची पदवी घालण्याचा आग्रह झाला, ओळ वाढली, तक्ता खाली सरकला, पुढची तीन शीर्षके सरकली आणि अनुक्रमणिकेतले पाच क्रमांक खोटे ठरले. ती पदवी फार तर दहा अक्षरांची होती.

आकडे मी सर्वांत शेवटी घेतो, कारण पाने लावताना तक्ते पुन्हा टंकित होतात. आधी तपासलेले आकडे म्हणजे वेगळ्याच कागदावरचे आकडे. मात्र एक छोटी फेरी अगदी सुरुवातीलाही मारतो : लेखापरीक्षकांच्या सहीच्या प्रतीतच बेरजा जुळतात ना, एवढे पाहतो. मूळच बिघडलेले असेल तर ते दुरुस्त करण्याचा अधिकार माझा नाही, त्यांना कळवायचे आणि त्यांच्या सहीने नवीन पान घ्यायचे.

शेवटच्या फेरीत आम्ही दोघे बसतो. शेजारच्या गल्लीत एक निवृत्त कॅशिअर राहतात, त्यांना सगळे काका म्हणतात. ते सहीची प्रत हातात घेऊन एकेक अंक उच्चारतात आणि मी मुद्रितावर प्रत्येक अंकाखाली ठिपका देतो. वीस मिनिटांनी आम्ही कामे बदलतो. काकांनीच मला नऊचा हिशेब शिकवला. बेरीज जुळत नसेल तर आधी फरक काढायचा आणि त्याला नऊने भागून बघायचे. निःशेष भाग गेला तर शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. मागच्या वर्षीचा फरक ९,००० होता. नऊने भागून १,००० आले, म्हणजे हजार आणि दहा हजार या स्थानांवरचे अंक उलटले असावेत आणि त्या दोन अंकांत एकाचाच फरक असावा. आता स्तंभात असा आकडा शोधायचा. १९,५४,३२० मध्ये त्या जागी ५ आणि ४ बसलेले आहेत. "मास्तर, मला तुमचं पान दाखवलं असतं तर तिथंच बोट ठेवलं असतं," असे काका म्हणाले, आणि ते खरेच होते.

पण या हिशेबालाही मर्यादा आहे. एखाद्या रकमेत एक शून्य जास्त पडले तरी फरकाला नऊने भाग जातो, आणि फरक निव्वळ योगायोगाने नऊच्या पटीत असू शकतो. दोन चुका एकमेकींना कापून टाकतात तेव्हा बेरीज जुळतेच. आणि जो आकडा कोणत्याच बेरजेत नसतो तो या जाळ्यात येतच नाही. म्हणून बेरजेपलीकडचा एक ताळा लावायचा. लाभांश १२ टक्के होता आणि तो वर्षअखेरच्या भागभांडवलावर काढला होता. ताळेबंदात भागभांडवल १,६२,११,००० होते, त्याचे १२ टक्के बरोबर १९,४५,३२० येतात. राखीव निधीला किमान चौथा हिस्सा द्यावाच लागतो, तो ४८,३६,७२० चा बरोबर १२,०९,१८० येतो. असे दोन-तीन संबंध प्रत्येक तक्त्यात सापडतात.

एकच आकडा अनेक ठिकाणी येतो याची एक वही करावी लागते. एकूण ठेवी मनोगतात येतात, 'दृष्टिक्षेपात संस्था' या पानावर येतात, ताळेबंदात येतात, स्तंभालेखाच्या डोक्यावर येतात. वहीत एका ओळीत आकडा आणि पुढे ती सगळी पाने लिहिली की वाचन सोपे होते. त्या वहीतूनच दिसले की मनोगतात ठेवी कोटींत आहेत आणि आलेखात 'रु. लाखांत' असे लिहून कोटींचेच आकडे घातले आहेत. आलेख खरा धरला असता तर संस्था शंभर पटींनी गरीब झाली असती.

तारखा हेही आकडेच, आणि त्यांच्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवावे लागते. नोटिशीत लिहिले होते : "रविवार, दि. १७ सप्टेंबर २०२४ रोजी सकाळी १० वाजता." कोणीतरी गेल्या वर्षीच्या नोटिशीतले फक्त वर्ष बदलले होते. २०२४ हे लीप वर्ष, म्हणून तीच तारीख दोन वारांनी पुढे सरकून मंगळवारी आली होती, आणि तो दिवस अनंत चतुर्दशीचा होता. विसर्जनाच्या दिवशी कोल्हापुरात सर्वसाधारण सभा, हे काकांनी वाचले आणि दोन मिनिटे आमचे वाचन थांबले. ठरावानुसार सभेची तारीख १५ होती, रविवारच. हा दोष पहिल्या तिन्ही वाचनांतून सुटला होता. वाक्य सार्थ होते, शब्द शुद्ध होते, पान देखणे होते.

चारही वाचने झाल्यावर मी एक पाचवे काम करतो, त्याला वाचन म्हणत नाही. खुणा केलेले मुद्रित डाव्या हाताला आणि दुरुस्त होऊन आलेले उजव्या हाताला ठेवून फक्त हंसपदे आणि समासातल्या खुणा पाहत जातो, आणि प्रत्येक खुणेच्या वरची एक व खालची एक ओळही वाचतो. दुरुस्ती करताना कर्सर कुठे होता हे फक्त कर्सरलाच माहीत असते. त्या वर्षी एका ओळीतली 'वसूली' सुधारताना वरच्या ओळीतले 'न' गायब झाले होते, आणि वसूल न झालेली कर्जे वसूल झालेली ठरली होती.

१५ सप्टेंबरला सभा सुरळीत झाली. नफा वाटणी टाळ्यांत मंजूर झाली, आणि ते पेन्सिलवाले सभासद या वेळीही पुढच्या रांगेत होते. सभा संपल्यावर ते माझ्याकडे आले, अहवाल मिटून त्यांनी मुखपृष्ठ माझ्यासमोर धरले. त्यावर ठळक सोनेरी अक्षरांत 'तिसावा वार्षिक अहवाल' असे होते. तो एकतिसावा होता. आत पहिल्या पानावर बरोबर होते, माथ्यावर बरोबर होते, नोटिशीत बरोबर होते. मुखपृष्ठ वेगळ्या जाड कागदावर, वेगळ्या यंत्रावर छापले जाते, त्याला पानक्रमांक नसतो, आणि माझ्या योजनेत पाने एकपासून सुरू होत होती.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेलो तेव्हा मालक म्हणाले, "सर, कव्हर तर सगळ्यांच्या आधीच छापून झालं होतं की. तुम्ही मागितलंच नाही." मी वही उघडली, पान १ च्या वर थोडी जागा होती, तिथे पान ० लिहिले आणि त्याच्यापुढे चार रकाने आखले.